विलीनीकरणानंतर सिनर्जी मोजायची कशी: कबूल केलेले लाख आणि हातात आलेले लाख

हॉटेलांना माल पुरवणाऱ्या गोव्यातल्या दोन कंपन्या एक झाल्या तेव्हा हिशेबाची बाजू माझ्याकडे होती. एक कंपनी वेर्ण्याची. तिचा मुख्य धंदा फ्रोजन माल, म्हणजे फ्राइज, मटार आणि मासळी. दुसरी म्हापशाची, तिचा भर लोणी, चीज आणि क्रीमवर. फ्राइजसारखा थोडा माल दोघीही विकत. विलीनीकरणाच्या वेळी संचालक मंडळाला आणि बँकेला सांगितलं होतं की एकत्र आल्यामुळे वर्षाला 1 कोटी 20 लाखांचा जादा फायदा होईल. यालाच सिनर्जी म्हणतात. फायदा होतोय की नाही हे कोण आणि कसं तपासणार, याबद्दल त्या कागदात एक ओळही नव्हती. वर्षभराने बँकेने विचारलं आणि ते काम माझ्या टेबलावर आलं. तुमच्यावर ही वेळ यायच्या आधी हे वाचा. आकडे आमच्या प्रकरणातले आहेत, पद्धत कुठेही लागू पडेल.

आधी हे कागद गोळा करा

- मंडळाला आणि बँकेला दिलेलं मूळ सादरीकरण, आणि त्यामागची एक्सेल फाइल (फाइल मिळेपर्यंत पिच्छा सोडू नका)
- दोन्ही कंपन्यांचा शेवटच्या स्वतंत्र वर्षाचा टॅली डेटा, महिनावार
- भाडेकरार, बारा-बारा महिन्यांची वीजबिलं, पगारपत्रकं
- पुरवठादारांची दरपत्रकं, दरवाढीची परिपत्रकं आणि क्रेडिट नोटा
- गाड्यांच्या लॉगबुका आणि डिलिव्हरी चलनं
- दोन्हीकडच्या ग्राहकयाद्या, जीएसटी क्रमांकासह

जुन्या कंपनीचा टॅली डेटा पहिल्याच दिवशी वेगळ्या डिस्कवर घ्या. ती कंपनी कागदावरून नाहीशी झाली की तिचा संगणक कुणाच्या तरी मुलाच्या ऑनलाइन क्लासला जातो. आमचा गेला होता.

## 1. आश्वासन फोडून मोजण्याजोगं करा

आमच्या सादरीकरणात पाच ओळी होत्या: गोदाम 24 लाख, खरेदी 30, वाहतूक 18, कार्यालय 8 आणि वाढीव विक्रीतून 40. प्रत्येक ओळीला तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं एका नोंदवहीत लिहा. हा आकडा कुठल्या लेजरमध्ये दिसणार? तो कधीपासून दिसणार? आणि तो आणण्याची जबाबदारी कुणाची? जबाबदार म्हणून एकाच माणसाचं नाव लिहा. ‘खरेदी विभाग’ असं लिहिलं तर महिनाअखेरीला कुणाला फोन करायचा ते कळत नाही.

विक्रीच्या ओळीने मला सगळ्यात जास्त छळलं. मूळ फाइल उघडल्यावर कळलं की आश्वासन 2 कोटींच्या जादा विक्रीचं होतं, आणि त्यावर वीस टक्के धरून 40 लाख काढले होते. हे वीस टक्के म्हणजे खरेदी आणि विक्रीच्या दरातला फरक. माल पोहोचवायचा खर्च, उधारीवरचं व्याज, वितळून वाया गेलेला माल, यातलं काहीच वजा केलेलं नव्हतं.

## 2. तुलना कुठल्या वर्षाशी करायची ते ठरवा

राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडून विलीनीकरणाची योजना मंजूर झाली की तिच्यात दोन तारखा येतात. नियुक्त तारीख, म्हणजे हिशेब जिथून एकत्र धरायचे ती. आणि प्रभावी तारीख, म्हणजे विलीनीकरण प्रत्यक्षात लागू होतं ती. आमची नियुक्त तारीख 1 एप्रिल 2022 होती. एकत्र काम मात्र 1 एप्रिल 2023 ला सुरू झालं. त्यामुळे 2022-23 चे छापील हिशेब एकत्रित आहेत, पण त्या वर्षी दोन्ही गोदामं, दोन्ही कार्यालयं, दोन्हीकडच्या गाड्या वेगवेगळ्याच चालत होत्या. बचतीचं घड्याळ प्रभावी तारखेपासूनच लावा, नाहीतर एक वर्ष फुकट ‘हरवलेलं’ दिसतं.

2022-23 हेच आम्ही आधारवर्ष धरलं. त्याआधीची दोन वर्षं कोविडची, त्यांच्याशी तुलना केली तर सगळंच छान दिसतं. मात्र आकडे एकत्रित ताळेबंदातून न घेता दोन्ही कंपन्यांच्या स्वतंत्र वह्यांमधून घेतले. यात एक खाच आहे. दोन्ही कंपन्या अडीअडचणीला एकमेकींकडून माल घेत. स्वतंत्र वह्यांची नुसती बेरीज केली तर तोच माल दोनदा मोजला जातो. आपापसातली ती विक्री आधी काढून टाका.

आणि गोव्यात एका महिन्याची मागच्या महिन्याशी तुलना करूच नका. डिसेंबर आणि जुलै हे आमच्या धंद्यात दोन वेगळे देश आहेत. जुलैची तुलना जुलैशीच.

## 3. सोपा खर्च आधी: गोदाम

गोदामापासून सुरुवात करा, कारण इथे पद्धत हाताला बसते. आम्ही म्हापशाचं शीतगृह बंद करून सगळा माल वेर्ण्याला नेला. आश्वासन होतं महिन्याला 2 लाख वाचण्याचं: भाडं 1 लाख 10 हजार, वीज 60 हजार, हमाल आणि राखणदार 30 हजार. वर्षाचे 24 लाख.

पावसाळ्यात माल कमी असतो म्हणून सप्टेंबरअखेर जागा रिकामी केली. करारात तीन महिन्यांची नोटीस होती, म्हणजे भाडं डिसेंबरपर्यंत चालूच. त्यामुळे 2023-24 मध्ये वीज आणि माणसांचे सहा महिन्यांचे 5 लाख 40 हजार वाचले आणि भाड्याचे तीन महिन्यांचे 3 लाख 30 हजार. एकूण 8 लाख 70 हजार.

इथेच थांबलात तर चुकलात. वेर्ण्याच्या शीतगृहाचं वीजबिल महिन्याला 22 हजारांनी वाढलं, कारण तिथे जास्त माल आणि दार जास्त वेळा उघडणार. शिवाय म्हापशाचे दोन हमाल घरी गेले नाहीत, ते वेर्ण्याला आले. त्यांचे 18 हजार वाचलेच नाहीत, फक्त लेजर बदललं. दोन्ही मिळून महिन्याला 40 हजार परत गेले. वर्षाचा खरा आकडा 6 लाख 30 हजार.

आता प्रत्येक ओळीला तीन रकाने लागतात ते कळेल. पहिला, वहीत उतरलेली बचत: 6 लाख 30 हजार. दुसरा रन-रेट, म्हणजे सगळं स्थिरावल्यावर वर्षाला जी बचत चालू राहील ती: महिन्याला 1 लाख 60 हजार, वर्षाला 19 लाख 20 हजार. तिसरा, ती मिळवायला एकदाच केलेला खर्च: रॅक हलवणं, यंत्रणा उतरवणं, जागा मूळ स्थितीत करून देणं, 7 लाख. म्हणजे पहिल्या वर्षी गोदामाची ओळ 70 हजारांनी तोट्यात होती, आणि तरीही तो निर्णय बरोबर होता. नुसता रन-रेट दाखवणारा व्यवस्थापक आणि नुसती वही दाखवणारा हिशेबनीस, दोघेही अर्धंच सांगत असतात.

## 4. खरेदी: दर वाढला तरी बचत असू शकते

एकच वस्तू घेऊ, फ्राइज. आधारवर्षात वेर्ण्याची कंपनी 60 टन घ्यायची 128 रुपये किलोने, म्हापशाची 40 टन 134 रुपयांनी. सरासरी काढताना 128 आणि 134 चा मध्य घेऊ नका, वजनानुसार काढा. ती येते 130 रुपये 40 पैसे.

2024-25 मध्ये आम्ही 110 टन घेतले, सरासरी 133 रुपयांनी. मालक म्हणाले, “बचत कसली, दर तर वाढला!” पण मधल्या काळात पुरवठादाराने सगळ्यांसाठीच दर सहा टक्के वाढवले होते, परिपत्रक फाइलला आहे. एकत्र आलो नसतो तर आम्ही 138 रुपये 22 पैसे दिले असते. किलोमागे 5 रुपये 22 पैसे वाचले. 110 टनांवर 5 लाख 74 हजार.

खरेदी विभागाने एवढाच आकडा लिहून पाठवला. मी क्रेडिट नोटा उघडल्या. त्यातली दोन टक्के सूट पैसे 15 दिवसांत दिल्याबद्दल होती. आधी आम्ही 45 दिवस घेत होतो. लवकर पैसे दिले की ही सूट कुणालाही मिळते, त्यासाठी कंपन्या एक करायची गरज नाही. शिवाय तीस दिवसांचं व्याज आपल्याच अंगावर. दोन टक्क्यांचे ते 2 रुपये 76 पैसे काढले तर विलीनीकरणाचे किलोमागे 2 रुपये 46 पैसे उरतात, म्हणजे 2 लाख 70 हजार. निम्म्याहून कमी.

ही चाळणी प्रत्येक मोठ्या वस्तूला लावा. आमच्याकडे बारा वस्तूंमध्ये खरेदीचा बहुतेक पैसा होता, बाकीच्या दोनशेंच्या मागे लागलो नाही. वर्षअखेरीच्या सवलतीच्या क्रेडिट नोटा एप्रिल-मे महिन्यात येतात, त्या आदल्या वर्षात टाकायला विसरू नका.

## 5. वाहतूक: फायदा विलीनीकरणाचा की पुलाचा?

वाहतुकीचा एकूण खर्च पाहून काही कळत नाही, विक्री वाढली की तो वाढतोच. एका ग्राहकाकडे एक फेरी पोहोचवायला किती पडतं ते काढा. चलनांवरून हे सहज मिळतं. आमचं 2022-23 मध्ये 186 रुपये होतं, 2024-25 मध्ये 170. वर्षाला 28,800 डिलिव्हरी, म्हणजे 4 लाख 61 हजार वाचले.

पण या दोन वर्षांच्या मध्ये झुआरीचा नवा पूल आहे. त्याची एक बाजू डिसेंबर 2022 मध्ये खुली झाली, दुसरी डिसेंबर 2023 मध्ये. आधारवर्षातले जवळजवळ नऊ महिने आमच्या गाड्या कुठ्ठाळीला रांगेत उभ्या असायच्या. डिझेल जळायचं आणि ड्रायव्हरचा ओव्हरटाइम चढायचा. रांग संपली ती आमच्या विलीनीकरणामुळे नव्हे.

हे वेगळं कसं काढायचं? विलीनीकरणाने ज्याला हात लावला नाही असा मार्ग शोधा. वेर्ण्याहून पणजीला जाणारी आमची एक गाडी होती. तीच गाडी, तेच ग्राहक, दुसऱ्या कंपनीचा त्या भागात संबंध नव्हता. तिचा दर डिलिव्हरीचा खर्चही या काळात 9 रुपयांनी उतरला होता. म्हणजे 16 पैकी 9 रुपये पुलाचे, आमचे 7. वर्षाचे 2 लाख. अशा मार्गाचा दुसरा फायदा म्हणजे डिझेलचे दर, पगारवाढ, असल्या सगळ्या बाहेरच्या गोष्टी त्यातच आपोआप धरल्या जातात.

आश्वासन 18 लाखांचं आणि हातात 2 लाख, असं का झालं? कारण गोदामाचं आणि वाहतुकीचं सादरीकरण दोन वेगळ्या माणसांनी केलं होतं. वाहतुकीच्या फाइलमध्ये उत्तरेच्या गाड्या अजून म्हापशाहूनच सुटत होत्या. शीतगृह बंद झाल्यावर कळंगुट आणि पेडण्याचा माल वेर्ण्याहून जाऊ लागला. भाडं गोदामाच्या ओळीत वाचलं आणि डिझेल वाहतुकीच्या ओळीत वाढलं. एका ओळीचा निर्णय दुसऱ्या ओळीला कुठे लागतो, हे नोंदवहीत शेजारी लिहून ठेवा.

## 6. विक्री: इथे सगळ्यात जास्त हवा असते

विक्री विभागाने दावा केला की 2024-25 मध्ये ‘एकमेकांच्या ग्राहकांना विकलेला माल’ 1 कोटी 62 लाखांचा झाला. म्हणजे फ्रोजनच्या ग्राहकांना लोणी-चीज आणि उलट. दाव्यातलं प्रत्येक बिल मागवा.

पहिलं काम, ग्राहक खरंच नवा आहे का? दोन टॅलींमध्ये एकच हॉटेल दोन नावांनी असतं, एकीकडे रिसॉर्टच्या पाटीचं नाव, दुसरीकडे मालक कंपनीचं. नावं जुळवत बसू नका. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे असतात, गोव्याचे 30, आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. दोन्ही याद्यांमधून पॅन काढा आणि त्यावर जुळवा.

```
=MID(A2,3,10)
```

ज्यांना जीएसटी क्रमांक नाही अशी छोटी खानावळ किंवा शॅक फोन नंबरवर जुळवा. आमच्याकडे 38 लाखांची विक्री अशी निघाली की तो ग्राहक तोच माल आधीही आमच्यापैकी एकीकडून घेत होता. विलीनीकरणानंतर त्याला नवा कोड मिळाला आणि तो ‘नवा’ झाला.

दुसरी चाळणी: हा ग्राहक एरवीही आला असता का? मोपाचा विमानतळ जानेवारी 2023 मध्ये सुरू झाला, आणि त्यानंतर पेडणे भागात उघडलेल्या काही हॉटेलांना आमचा उत्तरेचा विक्रेता पहिल्यापासून दोन्ही प्रकारचा माल देत होता. तो म्हापशाच्या जुन्या कंपनीचाच माणूस. थोडा फ्रोजन माल तर तो आधीही विकायचाच, त्याने हे ग्राहक विलीनीकरणाशिवायही मिळवले असते. ते 24 लाख काढले. इथे वाद होणार हे धरून चला. माझा नियम सोपा होता: विक्रेत्याच्या हाताशी दोन्हीकडचा माल नसता तर ऑर्डर मिळाली नसती, हे त्याने लिहून द्यायचं. बोलताना सगळे हो म्हणतात, सही करताना थांबतात.

उरले बरोबर 1 कोटी. आता वीस टक्के लावू नका. वीसमधून पोहोचवण्याचे पाच, उधारीचे दोन, वाया गेलेल्या मालाचे दोन काढले, अकरा उरले. 11 लाख. एक दक्षता: हा नफा काढताना फ्राइजचा दर वाचलेल्या बचतीसकट धरू नका. ती बचत खरेदीच्या ओळीत आधीच मोजली आहे.

आणि शेवटी ती गोष्ट जी कुठल्याच सादरीकरणात नसते. मोठी हॉटेलं एका वस्तूला दोन पुरवठादार ठेवतात, एकाचा माल आला नाही तर स्वयंपाकघर बंद पडू नये म्हणून. काही हॉटेलांचे ते दोन पुरवठादार आम्हीच होतो. एक झालो तशी त्यांनी अर्धी ऑर्डर तिसऱ्याला दिली. आधारवर्षात दोन्ही वह्यांत असलेले आणि आता कमी घेणारे ग्राहक त्याच पॅनच्या यादीतून काढा. आमच्याकडून 45 लाखांची विक्री गेली होती, त्यावरचा नफा साधारण 5 लाख. त्यामुळे विक्रीच्या ओळीत 40 च्या जागी 6 लाख उरले.

## 7. महिन्याला एकदा ताळा घ्या

कार्यालयाच्या ओळीबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. एक ऑडिट फी, एक सॉफ्टवेअर, एक हिशेबनीस कमी. 8 पैकी 6 लाख 20 हजार आले.

मार्च 2025 अखेर रन-रेटचं चित्र असं होतं, लाखांत:

| ओळ | आश्वासन | प्रत्यक्ष |
|---|---|---|
| गोदाम | 24 | 19.2 |
| खरेदी | 30 | 14 |
| वाहतूक | 18 | 2 |
| कार्यालय | 8 | 6.2 |
| विक्री | 40 | 6 |
| एकूण | 120 | 47.4 |

एकदाच झालेला खर्च 22 लाख, तो या तक्त्याखाली वेगळा.

हा तक्ता दाखवण्याआधी त्याचा नफा-तोटा पत्रकाशी ताळा जमला पाहिजे. आधारवर्षाचा नफा घ्या. त्यात दरवाढ, विक्रीचं प्रमाण, पगारवाढ यांचे परिणाम मिळवा किंवा वजा करा, मग सिनर्जीचा वर्षात वहीत उतरलेला आकडा मिळवा (रन-रेटचा नव्हे), आणि एकदाचा खर्च वजा करा. येणारा आकडा प्रत्यक्ष नफ्याच्या जवळ हवा. आमचा पहिला ताळा 19 लाखांनी चुकला. शोधल्यावर निघालं की गोदामातून ‘कमी झालेले’ दोघे हमाल वेर्ण्याच्या पगारपत्रकात होते, आणि खरेदीतली रोख सूट दोन ठिकाणी मोजली होती. मी वर ज्या चाळण्या सांगितल्या त्यातल्या बऱ्याच त्या 19 लाखांनी शिकवल्या.

मंडळाच्या बैठकीत तक्ता ठेवल्यावर एका ज्येष्ठ संचालकांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, “तूं आमचो काय बँकेचो?” मी पुलाच्या रस्त्याचा हिशेब पुढे सरकवला. त्यावर थोडी चर्चा झाली आणि दोन गोष्टी ठरल्या. म्हापशाला भाड्याने एक छोटी थंड खोली घ्यायची, फक्त ऑक्टोबर ते मार्च, म्हणजे उत्तरेचं डिझेल कमी होईल. आणि दोन पुरवठादार हवे असणाऱ्या हॉटेलांकडे प्रत्यक्ष जाऊन भेटायचं.

नोंदवही किती काळ चालवायची, असं विचाराल तर तीन वर्षं पुरेत. त्यानंतर आधारवर्ष इतकं जुनं होतं की विलीनीकरण झालं नसतं तर काय झालं असतं, हे कुणीच खात्रीने सांगू शकत नाही. मधल्या काळात एखादी ओळ सलग चार तिमाही हलली नाही तर ती बंद करून तिचा आकडा पुढच्या वर्षाच्या बजेटमध्ये घाला, आणि त्या खर्चाच्या लेजरची मर्यादा तेवढीच खाली आणा. तसं केलं नाही तर गोदामात वाचलेले पैसे पुढच्या पावसाळ्यात दुरुस्तीच्या नावाखाली खर्च होतात. आमचे 2024 च्या जुलैमध्ये झाले.